काकूंना आकडा हवा होता

नागपुरात मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये आम्ही राहायला आलो ते २०२१ च्या डिसेंबरात. ट्रकमधून फ्रिज उतरत होता तेव्हा शेजारच्या काकू पाण्याची कळशी आणि चार पेले घेऊन आल्या. हमालांना आधी पाणी दिलं, मग आम्हाला. माझा पेला रिकामा व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "घर केवढ्याले पडलं जी तुमाले?"

मी नुसती हसले. नवरा म्हणाला, "कर्ज काढलं काकू." त्यावर लगेच, "किती वर्षांचं? हप्ता किती बसते?"

तेव्हापासून जवळजवळ दोन वर्षं हे प्रश्न थांबले नाहीत. माझा नवरा बुटीबोरीला कारखान्यात आहे, शिफ्ट ड्युटी. मी आधी एका ऑफिसात अकाउंट्स बघायची, ते सोडून आता घरूनच इतवारीतल्या आणि आजूबाजूच्या छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न भरते. बाई दिवसभर घरी दिसते, बाहेर कामाला जात नाही, तरी म्हणते काम करते, हे कोडं काकूंना सुटत नव्हतं. "तुले महिन्याचे किती भेटते गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा माझ्या नणंदेबद्दल, जी लग्न मोडल्यावर पुण्यात एकटी राहते. तिसरा, "एकाच पोरावर थांबले का?"

काकू वाईट बाई नाहीत, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. पहाटे नळ आले की भिंतीवरून त्यांचीच हाक यायची. पार्सल आलं आणि मी घरी नसले की ते त्यांच्या दिवाणाखाली जपून ठेवलेलं असायचं. मुलगा शाळेतून लवकर आला तर त्यांच्याकडे जेवूनच घरी यायचा. अशा माणसाला तोडून टाकता येत नाही, आणि मला तोडायचंही नव्हतं. पण प्रश्नांनी जीव नकोसा व्हायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, म्हणून मला इतका वेळ लागला.

सुरुवातीला मी खोटं बोलले. अकराव्या की बाराव्या वेळी त्यांनी विचारलं तेव्हा सुटका व्हावी म्हणून सांगून टाकलं, "तीस हजार." खरा आकडा तो नव्हता. माझं उत्पन्न ठरलेलं नसतंच, एखाद्या महिन्यात दुप्पट होतं, एखाद्यात निम्मं. मला वाटलं, कमी सांगितलं की उत्सुकता संपेल.

काकूंनी मात्र तो आकडा हिशेबात मांडला. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्यांना नवऱ्याचा पगार "पन्नासच्या आसपास" असा आधीच सांगितला होता. पन्नास आणि तीस, ऐंशी. हप्ता अठ्ठावीस, तोही आईंकडूनच कळलेला. मुलाच्या शाळेचे महिन्याला सहा, घरखर्च पंचवीस, आईंची औषधं चार. उरले सतरा. आणि २०२३ च्या जूनमध्ये आमच्या दारात साडेतीन लाखांची सेकंडहँड गाडी आली. सतरा हजारांत हे बसत नव्हतं. काकूंनी मनाशी ठरवलं, यांनी गावचं वावर विकलं असणार.

काकूंचं माहेर हिंगणघाटकडचं आणि आमचं वावर त्याच बाजूला. त्यांनी माहेरच्या कोणाजवळ काळजीनं म्हटलं की पोरीची ओढाताण दिसते, वावर विकावं लागलं वाटते. आठवड्याभरात माझ्या दिरांचा फोन आला. वावर दोघा भावांच्या नावावर आहे. दीर शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज कापत होता. "वहिनी, मले न विचारता सौदा केला का?" नवऱ्यानं सातबारा काढून त्यांना पाठवला तेव्हा ते शांत झाले, तरी त्यांच्या मनात महिनाभर ते राहिलंच. ही सगळी उलाढाल माझ्या एका शब्दानं झाली होती.

त्यातून एक गोष्ट कळली. आकडा खरा असो की खोटा, तो सांगितला की त्याची बेरीज-वजाबाकी सुरू होते. खोटा आकडा तर जास्त धोक्याचा, कारण तो घरातल्या दिसणाऱ्या गोष्टींशी जुळत नाही. गाडी, नवा कूलर, सहल, प्रत्येक गोष्ट नवा प्रश्न घेऊन येते. आणि जो आपल्याला ओळखतो त्याला ती तफावत आधी दिसते.

मग मी टाळायला लागले. गेटजवळ काकू दिसल्या की फोन कानाला लावायची. संध्याकाळी फिरायला मागच्या गल्लीनं जायची. काकूंना हे कळायला चार दिवससुद्धा लागले नसतील. त्यांनी आईंना विचारलं, "सून रागावली का माह्यावर?" पण टाळल्यानं प्रश्न कमी झाले नाहीत, फक्त ते आता आईंकडे आणि माझ्या मुलाकडे जायला लागले. सातवीतल्या मुलाला त्या विचारायच्या, "बाबा किती वाजता येते? मम्मी कोणासोबत बोलून राहिली होती फोनवर?" मुलाला काय सांगायचं, काय नाही, हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. तो बिचारा सगळं सांगायचा.

२०२४ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते झालं. आमच्याच गल्लीत एका घरी सात-आठ बायका बसलो होतो. काकूंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता एकच ठेवता का बाई? वय तं निघून चाललं तुह्यं." २०१९ मध्ये पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं. ते या लेआउटमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. मी हातातली तिळाची वडी ताटात ठेवली आणि म्हणाले, "काकू, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?"

खोलीत कोणी बोललं नाही. काकूंनी पदर सावरला, वाण घेतलं आणि निघून गेल्या.

त्यानंतर साधारण सव्वादोन महिने त्या आमच्याकडे आल्या नाहीत. नळ आल्याची हाक बंद झाली. पार्सलवाला मला फोन करून विचारायला लागला की कुठं ठेवू. मी बोलले ते चूक होतं असं मला वाटत नव्हतं. पण जिथं बोलले, ज्या शब्दांत बोलले, ते मला टोचत होतं. त्या वयाच्या बाईला आठ जणींसमोर "तुम्हाला काम नाही का" म्हणणं म्हणजे तिला रिकामटेकडी ठरवणं. माझी तक्रार त्यांच्या विचारण्याबद्दल होती, आणि मी मात्र त्यांचा अपमान केला.

मार्चचा शेवटचा आठवडा आमच्या कामात सगळ्यात वाईट. मी इतवारीत एका दुकानात वह्या पाहत बसले होते, तेव्हा मुलाचा फोन आला, "आजी बाथरूममध्ये पडली." मला घरी पोचायला पाऊण तास लागणार होता. मी काय करू सुचेना. मुलगा म्हणाला, "काकूआजी आल्या आहे. काका ऑटो आणायला गेले."

मी थेट दवाखान्यात गेले. आई स्ट्रेचरवर होत्या, काकू त्यांचा हात धरून उभ्या. काकूंच्या दुसऱ्या हातात आमची निळी फाइल होती, आईंचे सगळे जुने रिपोर्ट आणि आधार कार्ड असलेली. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत काकू म्हणाल्या, "हो जी, चालू आहे, रात्री जेवल्यावर घेतात. मागच्या वर्षी स्टेंट बसवला तेव्हापासून." डॉक्टरांनी लगेच डोक्याचा स्कॅन लिहून दिला. सुदैवानं आत काही नव्हतं, मनगटाचं हाड तेवढं मोडलं होतं.

फाइल कुठल्या कपाटात आहे हे काकूंना माहीत होतं, कारण त्यांनी विचारलं होतं. गोळी कुठली, केव्हा घेतात, स्टेंट कधी बसवला, हे सगळं त्यांनी आईंना विचारून ठेवलं होतं. ज्या सवयीनं मला हैराण केलं होतं त्याच सवयीनं त्या दुपारी पाऊण तास वाचवला. मी रात्रभर हाच विचार करत होते. काकूंचे सगळे प्रश्न एका माळेत ओवून मी त्यांच्यावर राग धरला होता. त्यातले काही शेजाऱ्याला माहीत असायलाच हवेत. काही कोणालाच माहीत असायची गरज नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. फोन केला नाही, मुद्दाम कोणाला सोबत नेलं नाही, आणि काका बाहेर गेलेले असताना गेले. आभार मानले, आणि मग म्हणाले, "काकू, संक्रांतीला मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. मला माफ करा." तेवढंच. तुम्ही तसं का विचारलं, मला का लागलं, यातलं काही त्या दिवशी काढलं नाही. माफी आणि तक्रार एकाच दमात केली की समोरच्याला माफी ऐकू येत नाही, तक्रारच ऐकू येते. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाई. उद्या गहू भिजवते. कुरोड्या करायले येशील का? एकटीनं नाही होत आता."

कुरोड्यांचं काम चार-पाच दिवसांचं. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं, आणि उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून तो चीक शिजवायचा. एकीनं ओतायचं, दुसरीनं सारखं ढवळायचं, हात थांबला की गुठळी झालीच. मग गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्यानं कुरोड्या पाडायच्या, ऊन तापायच्या आधी. सकाळी साडेसहाला आम्ही दोघी गच्चीवर होतो. दोघींचे हात गुंतलेले, नजर खाली, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. अवघड गोष्ट बोलायला त्याहून चांगली वेळ मला मिळाली नसती.

मीच विचारलं, "काकू, तुम्हाला माझा पगार का जाणून घ्यायचा असतो?"

त्यांनी सोऱ्या दाबता दाबता बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मले ह्यांचा पगार माहीत नव्हता. एक तारखेले पाकीट द्यायचे हातात, घरखर्चाचं. त्यात किती आहे ते मी मोजायची, पण एकूण किती आहे ते कधी विचारलं नाही. विचारलं तं म्हणायचे, तुले काय करायचं. रिटायर झाले तेव्हा पेन्शनच्या कागदावर पाह्यलं मी." थोड्या वेळानं पुढे, "आता पोरानं नोकरी सोडली. हैदराबादले घरून काम करतो म्हणते. त्याले विचारलं तं तोही तेच म्हणते, तुले काय समजते. तू पण घरून करते ना, म्हणून तुले विचारत होती. तुले किती भेटते ते समजलं तं त्याचं समजन."

मी ढवळायचा पळा तसाच हातात धरून बसले. "तुले काय करायचं" हे वाक्य या बाईनं आयुष्यभर ऐकलं होतं, आणि संक्रांतीला मीही तिला तेच ऐकवलं होतं.

मग मला जाणवलं की त्यांना माझा आकडा लागतच नव्हता. माझ्या आकड्यानं मुलाचं काही कळणार नव्हतं. त्यांना हे जाणून घ्यायचं होतं की अशा कामावर घर टिकतं का. आणि त्याचं उत्तर मी नीट देऊ शकत होते, कारण ते माझं रोजचं काम आहे. मी त्यांना सांगितलं, "काकू, त्याला किती मिळतात ते विचारू नका. चार गोष्टी विचारा. काम एकाच ठिकाणाहून येतं की तीन-चार ठिकाणांहून? एकच असेल तर ते बंद पडलं की सगळंच बंद. पैसे ठरल्या वेळी येतात की दोन-दोन महिने अडकतात? सहा महिने काम नाही मिळालं तर घर चालेल एवढे पैसे बाजूला आहेत का? आणि आरोग्य विमा स्वतःचा काढला का? कारण नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो, हे पुष्कळ पोरं विसरतात." त्यांनी चारही गोष्टी दोनदा म्हणून घेतल्या. माझ्या कामाचं कसं चालतं तेही सांगितलं, मार्चमध्ये आणि रिटर्नच्या तारखांना गर्दी, मध्ये मोकळे दिवस, काही दुकानदार पैसे द्यायला दिवाळी उजाडवतात. कसं चालतं ते सगळं सांगितलं, किती मिळतं ते सांगितलं नाही. त्यांनी त्या दिवशी विचारलंही नाही.

मग मी माझं बोलले. "काकू, तीन गोष्टी मला विचारत जाऊ नका. आमच्या घरात किती पैसे येतात ते. नणंदेचं काय चाललं आहे ते, कारण तो तिचा विषय आहे, ती सांगेल तेव्हा सांगेल. आणि मुलाचं. माझं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं. तो प्रश्न आला की मला त्रास होतो." मूल गेल्याचं त्यांना सांगायचं मी आधीपासून ठरवलं नव्हतं. सांगायलाच हवं होतं असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्या कोणाला ते मनात ठेवावंसं वाटलं तर नुसतं "तो विषय नको" एवढंही पुरतं. काकूंनी सोऱ्या खाली ठेवला, पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मले माहीत असतं तं मेली असती पण विचारलं नसतं." मूल हा विषय त्या दिवसापासून संपला. एकदाही निघाला नाही.

पैशांचा विषय एका बोलण्यात संपला नाही. साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे, एका सकाळी जात नाही, हे मी धरूनच चालले होते. पंधरा दिवसांनी गेटवर पुन्हा आलंच, "मार्चचं काम झालं तं मग चांगले भेटले असन?" यावेळी माझं उत्तर तयार होतं: "काम असलं तसं मिळतं काकू. घर नीट चालतं, काळजी नाही."

या वाक्यावर मी विचार केला होता. ते खरं आहे, त्यामुळे त्याच्याशी कुठली गाडी, कुठला कूलर विसंगत पडत नाही. आणि त्यात काकूंच्या मनातल्या काळजीचं उत्तर आहे, घर चालतं का. नुसतं "सांगणार नाही" म्हटलं असतं तर ती काळजी तशीच लटकत राहिली असती आणि प्रश्न दुसऱ्या दारानं आला असता. आधी मी दर वेळी वेगळं बोलायची, कधी "या महिन्यात कमी", कधी "पार्टीनं पैसे दिले नाही", आणि प्रत्येक वेगळ्या उत्तरातून त्यांना ओढायला एक नवा धागा मिळायचा. आता दर वेळी तेच शब्द, तोच आवाज. एप्रिलमध्ये चार-पाच दिवसांआड विचारायच्या, पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळीपर्यंत महिन्यातून एखादवेळा, तेही बोलता बोलता. विचारून झाल्यावर त्या स्वतःच म्हणायच्या, "हो, चालतं म्हटलं तू."

उत्तर न देता विषय बदलण्याचा उपाय मी आधी करून पाहिला होता. पैशांचं विचारलं की मी काकांच्या गुडघ्याचं विचारायची. काकूंना ते लगेच कळायचं. आधी प्रश्नाचं उत्तर, छोटं का होईना, आणि मग काकांचा गुडघा, या क्रमानं गेलं की त्यांना फसवल्यासारखं वाटत नाही.

खरी मेहनत आमच्या घरात होती. मी कितीही एकच वाक्य बोलले तरी आई दुपारी भिंतीपाशी बसून आकडे सांगत असतील तर काय उपयोग. एका रविवारी आम्ही चौघं बसलो. काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवलं. आईंची औषधं, डॉक्टरांचं नाव, फाइल कुठं आहे, आमचे दोघांचे आणि दिरांचे फोन नंबर, घराची एक किल्ली, हे काकूंकडे असायलाच हवं, आणि ते आपण होऊन द्यायचं. पगार, हप्ता, वावर, नणंद, हे घरात राहील. मुलाला मी म्हणाले, कोणी विचारलं तर म्हणायचं, "मला माहीत नाही, मम्मीला विचारा." खोटं सांग असं त्याला सांगितलं नाही. आईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "माझं बोलायला दुसरं आहे तरी कोण?" हे अगदी खरं होतं. दोन म्हाताऱ्या बायका दुपारी बोलतात ते मनातलंच बोलतात, आणि घरातले आकडे हा त्या बोलण्याचा भाग होता. मी त्यांना म्हटलं, तुमच्या वेळच्या गोष्टी सांगा, तुमच्या माहेरच्या, हव्या तेवढ्या. तरी एकदा त्यांच्या तोंडून नवऱ्याच्या बोनसचं गेलंच. काकूंनी मला येऊन विचारलं. मी तेच वाक्य बोलले. आईंवर रागावले नाही.

किल्ली आणि फोन नंबरांचा कागद मी स्वतः काकूंना नेऊन दिला. कागदावर मोठ्या अक्षरात गोळ्यांची नावं आणि वेळा लिहिल्या होत्या. त्यांनी तो देव्हाऱ्याच्या बाजूच्या कपाटात आतून चिकटवला आणि मला उघडून दाखवला.

आणखी एक बदल मी मुद्दाम केला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी मीच पोचवायला लागले. मुलाला गणितात किती पडले, नवरा कुठल्या शिफ्टला आहे, पुढच्या आठवड्यात आम्ही दोन दिवस रामटेकला चाललो. ज्यातून काही बिघडत नाही असं मी भरपूर सांगते. आधी त्या प्रश्न घेऊन माझ्याकडे यायच्या, आता मी बातमी घेऊन त्यांच्याकडे जाते, आणि तिथं दहा मिनिटं बसते. ज्या आठवड्यात गर्दीमुळे मी जात नाही त्या आठवड्यात प्रश्न वाढतात, हे मी चार-सहा वेळा पाहिलं आहे.

हे सगळं काकूंसारख्या माणसाबाबत सांगते आहे, जी विचारते आणि वेळेला धावूनही येते. आमच्याच गल्लीत एक गृहस्थ होते, तेही उत्पन्न विचारायचे, पण दोन वाक्यांनंतर कुठल्या तरी योजनेत पैसे गुंतवायचा आग्रह सुरू व्हायचा. त्यांना मी "आमचे निर्णय आम्ही घरी घेतो" म्हटलं आणि त्यापुढे एक शब्द बोलले नाही. कळलेल्या माहितीचं माणूस पुढे काय करतो, ते पाहूनच ठरवावं लागतं. काकूंनी वावराची अफवा पसरवली खरी, पण ती काळजीतून, आणि नंतर मी सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः माहेरी फोन करून चूक दुरुस्त केली.

काकूंनी आपल्या हैदराबादच्या मुलाला ते चार प्रश्न विचारले. काय उत्तर आलं ते त्यांनी मला सगळं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की पंधरा मिनिटं बोलला, आणि पहिल्यांदाच "तुले काय समजते" म्हणाला नाही. विमा काढलेला नव्हता. पुढच्या महिन्यात काढला.

मागच्या दिवाळीत नणंद चार दिवस आली होती. काकू दुपारी आल्या, तिच्या शेजारी बसल्या, पुण्यात थंडी पडली का, ऑफिस किती दूर आहे, एवढंच बोलल्या, आणि तिच्यासाठी कुरोड्यांचा डबा ठेवला. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. तिथं मात्र हळू आवाजात त्यांनी विचारलंच, "काई ठरलं का तिचं?"

"तिचा विषय आहे काकू."

"हो, ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि दोन पावलं जाऊन परत वळल्या. "डबा धुऊन पाठवजो बाई, सकाळी लागते."